खडकचक्राची असाइनमेंट: तीन दगड, पाच चौकटी, आठ बाण

खडकचक्र म्हटलं की बहुतेक मुलं नेटवरचा एक गोल डायग्राम उतरवतात, तीन चौकटी, त्यांच्यामधे तीन बाण, वर "अग्निज", मग "गाळाचे", मग "रूपांतरित" आणि परत "अग्निज", झालं. दिसायला छान दिसतं पण शिक्षकांनी नुसतं विचारलं की या बाणावर नेमकं काय घडतं, तर उत्तर नसतं. आणि मार्क जातात ते तिथेच, कारण असाइनमेंटमधे "लेबल केलेली आकृती" मागितलेली असते आणि लेबल म्हणजे फक्त चौकटीतली नावं नाहीत, बाणावरच्या क्रिया पण लेबलच आहेत.

म्हणून सुरुवातीलाच एक नियम पक्का करून टाका: चौकटीत वस्तू, बाणावर क्रिया. मॅग्मा, गाळ, अग्निज खडक या वस्तू आहेत, त्या चौकटीत. थंड होणं, झिजणं, वाहून जाणं, दाबलं जाणं, वितळणं या क्रिया आहेत, त्या बाणावर. आकृतीत "झीज" नावाची चौकट दिसली किंवा नुसता मोकळा बाण दिसला तर समजा काहीतरी चुकलंय.

हा लेख आठवी-नववीपर्यंतच्या मुलांसाठी आणि रविवारी रात्री त्यांच्याबरोबर बसणाऱ्या आईबाबांसाठी लिहितोय. पूर्ण असाइनमेंट कशी करायची ते क्रमाने सांगतो, दगड जमवण्यापासून आकृतीच्या मापांपर्यंत.

आधी दगड, मग वही

पुस्तकातली व्याख्या पाठ करण्याआधी तीन दगड हातात घ्या, कारण वर्णन लिहायचं म्हणजे जे दिसतं ते लिहायचं, आणि महाराष्ट्रात हे तीनही प्रकार विकत न घेता मिळतात.

अग्निज खडकासाठी बेसाल्ट. बांधकामाच्या साइटवर पडलेली काळी-करडी खडी बहुतेक ठिकाणी बेसाल्टचीच असते (नागपूरच्या पूर्वेला, चंद्रपूर-गडचिरोलीकडे किंवा दक्षिण कोकणात राहत असाल तर मात्र बघून घ्या, तिकडे दुसरे खडक आहेत). घरात जुना पाटा-वरवंटा किंवा जातं असेल तर देशावर तेही साधारण याच दगडाचं, पण ते फोडू नका म्हणजे झालं.

गाळाच्या खडकासाठी शहाबादी फरशी. जुन्या घराच्या अंगणात, गच्चीवर, वाड्याच्या ओसरीवर ती असतेच, तुटलेला तुकडा मिळाला की काम झालं. ही फरशी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद भागातून येते आणि तो चुनखडक आहे. शहाबादी नाही मिळाली तर स्वयंपाकघरातल्या मांडणीचा काळा कडप्पा चालेल, तोही चुनखडकच आहे, आंध्रमधला.

रूपांतरित खडकासाठी संगमरवर. मार्बलच्या दुकानात कटिंगनंतर उरलेले तुकडे पडलेले असतात, मागितला तर देतात. मात्र मागताना "नॅचरल मार्बल, मकराना असेल तर उत्तम" असं स्पष्ट सांगा, कारण दुकानात मार्बलसारखी दिसणारी व्हिट्रिफाइड टाइल आणि पावडर-रेझिनपासून बनवलेला कंपोझिट मार्बल पण असतो आणि ते खडकच नाहीत, कारखान्यात बनलेल्या वस्तू आहेत. ओळखायचं कसं, तर तुकडा तुटलेल्या बाजूने बघा. टाइल आतून खडूसारखी किंवा एकसारखी गुळगुळीत दिसते, खऱ्या संगमरवराची तुटलेली कड उन्हात धरली की साखरेच्या दाण्यांसारखी चमचम करते.

आणखी एक, ओट्याचा काळा "ग्रॅनाइट" आणला तरी चालतो, तो अग्निजच असतो, पण व्यापारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो भूगर्भशास्त्राच्या हिशोबाने बऱ्याचदा ग्रॅनाइट नसून डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. त्यामुळे नमुना ग्रॅनाइटचाच दाखवायचा असेल तर गुलाबी किंवा करडा ठिपकेदार तुकडा घ्या, ज्यात गुलाबी-पांढरा फेल्डस्पार, काचेसारखा करडा क्वार्ट्झ आणि काळा अभ्रक वेगवेगळे नुसत्या डोळ्याने दिसतात.

दोन टेस्ट, ज्या घरी होतात

पहिली खिळ्याची. लोखंडी खिळ्याने दगडाच्या न दिसणाऱ्या बाजूला जोर देऊन रेघ मारा. शहाबादीवर आणि संगमरवरावर ओरखडा उठतो, कारण दोघांमधे मुख्य खनिज कॅल्साइट आहे आणि ते खिळ्यापेक्षा मऊ असतं. बेसाल्टवर बहुतेक वेळा उलट खिळ्याचाच धातू घासला जाऊन करडी रेघ उमटते. ती ओल्या बोटाने पुसली जाते का बघा. पुसली गेली तर ती खिळ्याची रेघ होती, दगडावरचा ओरखडा नव्हता. हे न तपासता बरेच जण "बेसाल्टवर ओरखडा पडला" असं लिहून मोकळे होतात.

दुसरी व्हिनेगरची. प्रत्येक दगडाचा थोडासा चुरा करून वेगवेगळ्या वाटीत घ्या आणि वर चमचाभर व्हिनेगर घाला. चुरा का, तर व्हिनेगर हे कमजोर ॲसिड आहे, पॉलिश केलेल्या अखंड तुकड्यावर टाकलं तर काहीच होत नाही असं वाटतं, चुऱ्यावर मात्र बारीक बुडबुडे स्पष्ट दिसतात. चुनखडक आणि संगमरवर दोन्ही फसफसतात, बेसाल्ट नाही. लिंबाचा रस वापरला तरी चालतो, थोडा वेळ जास्त द्या. एखाद्या संगमरवरात कॅल्साइटऐवजी डोलोमाइट असलं तर बुडबुडे फारच हळू येतात, मग "नाही आले" असं लगेच लिहू नका, पाच-दहा मिनिटं बघा.

बेसाल्टमधे कधीकधी पांढरे ठिपके असतात आणि नेमकं तिथेच व्हिनेगर फसफसतं, त्याने मुलं गोंधळतात. यात चूक काही नाही. लाव्हा थंड होताना त्यातले वायू बाहेर पडतात, काही बुडबुडे आतच अडकून पोकळ्या राहतात, आणि नंतर त्या पोकळ्यांमधून झिरपलेल्या पाण्याने तिथे कॅल्साइट किंवा झिओलाइट किंवा क्वार्ट्झ भरलं जातं. पुणे, नाशिक, जळगाव भागातली झिओलाइटं तर जगभरच्या म्युझियममधे आहेत. तुमच्या खडीच्या तुकड्यात असा पांढरा ठिपका असेल तर तो भिंगाखाली बघा आणि वर्णनात लिहाच, कारण हा दगड एकेकाळी वायू भरलेला लाव्हा होता याचा तो हातात मावणारा पुरावा आहे.

आता या दोन टेस्टमधून मिळालं काय? बेसाल्ट वेगळा पडला, पण चुनखडक आणि संगमरवर दोन्ही टेस्टमधे सारखेच वागले. आणि हीच या असाइनमेंटमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, ती लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोघांचा रासायनिक पदार्थ तोच आहे, फरक फक्त आतल्या रचनेत आहे. चुनखडकाचे कण इतके बारीक की भिंगातूनही सपाट करडा पृष्ठभागच दिसतो, संगमरवरात तेच कॅल्साइट उष्णतेने आणि दाबाने नव्याने स्फटिक होऊन मोठ्या, एकमेकांत गुंतलेल्या दाण्यांचं झालंय. रूपांतरित खडकाची यापेक्षा चांगली व्याख्या मला तरी माहीत नाही: पदार्थ तोच, पण न वितळता आतली मांडणी बदललेली.

वर्णन कसं लिहायचं

तीनही प्रकारांना सारखी सारखी दहा-दहा वाक्यं द्यायची गरज नाही. प्रत्येक प्रकारासाठी चार गोष्टी आल्या की पुरे: कसा तयार होतो, ओळखायचा कशावरून, माझा नमुना कुठला, आणि तो पुढे कशात बदलू शकतो. ही चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि मग वर्णन एकीकडे आणि आकृती दुसरीकडे अशी असाइनमेंट दोन तुकड्यांत राहते.

अग्निज खडक. पृथ्वीच्या पोटातला तप्त शिलारस म्हणजे मॅग्मा, तो थंड होऊन घट्ट झाला की अग्निज खडक. तोच पृष्ठभागावर आला की त्याला लाव्हा म्हणायचं, हा फरक आकृतीतही पाळा. जमिनीखाली खोलवर थंड व्हायला हजारो-लाखो वर्षं मिळतात, स्फटिक मोठे होतात, ग्रॅनाइट होतो. पृष्ठभागावर लाव्हा भराभर थंड होतो, स्फटिकांना वाढायला वेळच मिळत नाही आणि बेसाल्टसारखा बारीक कणांचा खडक होतो. महाराष्ट्राचा बहुतांश भाग या बेसाल्टचाच आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, आजही दख्खनचे हे थर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहेत. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात त्या या थरांच्या. अजिंठा-वेरूळच्या लेण्याही याच दगडात कोरल्यात. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, तिथे लाव्हा थंड होताना आकसून उभे खांब तयार झाले ते दिसतात, जवळ राहत असाल तर एक फोटो काढून चिकटवा.

इथे एक सावधगिरी. कड्यावर थर दिसले म्हणजे तो स्तरित खडक, असं लिहू नका. बेसाल्टचे थर हे लाव्हाचे थर आहेत, गाळाचे नाहीत. नुसते थर बघून निर्णय घ्यायचा नाही, थर कशाचा आहे ते बघायचं: कणकण साचून झालेला की लाव्हा वाहून.

गाळाचे खडक. वारा, पाणी, ऊन याने कुठलाही खडक फुटतो, झिजतो, त्याचे कण नदी वाहून नेते आणि सखल जागी, तलावात, समुद्रात साचवते. वर वर थर पडत गेले की खालच्या थरातलं पाणी दाबाने पिळून निघतं आणि पाण्यात विरघळलेली खनिजं कणांच्या मधल्या जागेत बसून त्यांना चिकटवतात, तेव्हा कुठे गाळाचा खडक होतो. वाळूचा वालुकाश्म, चिखलाचा पंकाश्म किंवा शेल. महाराष्ट्रात विदर्भात हे खडक भरपूर आहेत, नागपूरजवळच्या कामठीच्या नावाने तर वालुकाश्मांच्या एका अख्ख्या गटाला कामठी म्हणतात, आणि चंद्रपूर-वर्धा खोऱ्यातला दगडी कोळसा हाही गाळाच्या खडकांच्या थरांमधलाच.

पण आपला नमुना चुनखडक आहे आणि तो कणकण वाहून आलेला नाही. खडक झिजताना त्यातलं कॅल्शियम पाण्यात विरघळतं, नदीबरोबर अदृश्यपणे समुद्रात जातं आणि तिथे चुन्याच्या रूपात तळाशी बसतं. म्हणजे बाणावर "वहन" लिहिताना त्यात गढूळ पाण्यातले कण पण आले आणि स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात विरघळलेलं द्रव्य पण आलं. शहाबादीत शंख-शिंपले शोधत बसू नका, हा दगड इतका जुना आहे की तेव्हा समुद्रात शिंपल्यांचे प्राणी नव्हतेच.

रूपांतरित खडक. आधीचा कुठलाही खडक जमिनीत खोल गाडला गेला किंवा तप्त मॅग्माच्या शेजारी आला की उष्णता आणि दाब यांच्यामुळे तो घन अवस्थेतच बदलतो. खोलीबरोबर तापमान साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी वाढतं, म्हणजे दहा किलोमीटरवर तीनशे अंशांच्या आसपास, आणि बऱ्याच खडकांत बदल सुरू व्हायला तेवढं पुरतं. चुनखडकाचा संगमरवर, वालुकाश्माचा क्वार्टझाइट, शेलची स्लेट म्हणजे पाटीचा दगड, ग्रॅनाइटचा पट्टेदार नाइस. महाराष्ट्रात खरा संगमरवर बघायचा तर नागपूर जिल्ह्यात रामटेकच्या पलीकडे देवलापार भागात आहे, नागपूर-भंडारा पट्ट्यातलं मँगनीजचं खनिजही तिथल्या रूपांतरित खडकांमधेच आहे. पण दुकानातला तुकडा बहुतेक राजस्थानचा निघेल. मकरानाचा असेल तर ताजमहालात वापरलेल्या दगडाचाच तो भाऊबंद, हे एक वाक्य लिहायला हरकत नाही.

या भागात एक चूक इतकी पसरलीय की मुद्दाम सांगतो: "कोळशाचं रूपांतर होऊन हिरा होतो" हे लिहू नका. नैसर्गिक हिरे साधारण दीडशे किलोमीटर आणि त्याहून खोल, प्रावरणात तयार होतात, आणि त्यातले बहुतेक तर जमिनीवर झाडं उगवायच्याही खूप आधीचे आहेत, मग कोळसा आला कुठून? कोळशाचं उदाहरण द्यायचंच असेल तर कोळशापासून ग्रॅफाइट असं द्या, ते बरोबर आहे.

क्रमांक घालू नका

आकृती काढण्याआधी एक गोष्ट डोक्यात स्पष्ट हवी. खूप आकृत्यांमधे बाणांना १, २, ३ असे नंबर दिलेले असतात आणि वाचणाऱ्याला वाटतं आधी अग्निज, मग गाळाचे, मग रूपांतरित असाच क्रम असतो आणि अग्निज खडक सगळ्यात जुने. तुमच्या समोरचे तीन दगडच हे खोटं ठरवतात. शहाबादी फरशी ज्या चुनखडकाची, त्याच्यावर कलबुर्गी भागात आपला दख्खनचा बेसाल्ट पसरलेला आहे, म्हणजे लाव्हा आला तेव्हा चुनखडक आधीपासून तिथे होता. संगमरवर पण बेसाल्टपेक्षा कितीतरी जुना. तिघांत वयाने सगळ्यात लहान आहे तो अग्निज बेसाल्ट. ही गोष्ट असाइनमेंटमधे एक परिच्छेद करून लिहा, शिक्षकांना लगेच कळतं की हे कॉपी केलेलं नाही.

तर चक्राला सुरुवात नाही, ठरलेला क्रम नाही, आणि कुठलाही खडक कुठल्याही दिशेला जाऊ शकतो. म्हणून गोल आकृतीपेक्षा मी सांगतोय ती आकृती बरी पडते.

आकृती: मापासकट

ए-फोर कागद आडवा धरा, म्हणजे रुंदी २९.७ आणि उंची २१ सेंटिमीटर. सगळं आधी पेन्सिलीने. वरती मधोमध शीर्षक "खडकचक्र". आता वरच्या कडेपासून ८ सेंटिमीटरवर पूर्ण कागदभर एक हलकी तुटक आडवी रेघ मारा आणि डाव्या टोकाला "भूपृष्ठ" लिहा. ही रेघ फार कमी मुलं काढतात पण तिने आकृती एकदम समजते, कारण झीज-वहन-साचणं रेघेच्या वर घडतं आणि उष्णता-दाब-वितळणं रेघेच्या खाली.

पाच चौकटी, प्रत्येक ५ सेंटिमीटर रुंद आणि २ उंच. प्रत्येकीचा मध्यबिंदू असा घ्या, आधी डाव्या कडेपासून, मग वरच्या कडेपासून:

- अग्निज खडक: ६ आणि ८. म्हणजे ही चौकट बरोबर भूपृष्ठाच्या रेघेवर बसते, वरच्या अर्ध्यात छोट्या अक्षरात "बेसाल्ट" आणि खालच्या अर्ध्यात "ग्रॅनाइट" लिहा.
- गाळ: २१ आणि ४.
- गाळाचे खडक: २३.५ आणि १०.५.
- रूपांतरित खडक: २० आणि १५.
- मॅग्मा (शिलारस): ६ आणि १८.

गाळाची चौकट वेगळी ठेवायचीच. गाळ म्हणजे खडक नव्हे, नदीतली सुटी वाळू म्हणजे वालुकाश्म नव्हे. ही चौकट गाळली की "अग्निज खडकापासून थेट गाळाचा खडक" असा बाण काढावा लागतो आणि त्या एका बाणावर फुटणं, वाहणं, साचणं, दाबलं जाणं, चिकटणं एवढं सगळं कोंबावं लागतं.

आता आठ बाण. रंग प्रकारावर नाही, क्रियेवर ठरवा, तीच खरी गंमत आहे.

निळे तीन, तिन्ही गाळाच्या चौकटीकडे जाणारे. एक अग्निजच्या उजव्या बाजूने, भूपृष्ठाच्या रेघेच्या जरा वरून निघून गाळाकडे. दुसरा गाळाच्या खडकाच्या उजव्या कोपऱ्यातून वर. तिसरा रूपांतरितच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून किंचित उजवीकडे झुकत वर, गाळाच्या खडकाच्या चौकटीच्या डावीकडून, गाळाच्या चौकटीच्या खालच्या कडेला. तिघांवर "विदारण, झीज, वहन". तिसऱ्यावर आधी "उत्थान" पण लिहा, कारण खोल गाडलेला खडक आधी वर आल्याशिवाय त्याच्यावर पाऊस पडणार कसा.

तपकिरी एक, गाळाकडून खाली गाळाच्या खडकाकडे, लेबल "साचणं, दाबलं जाणं, चिकटणं".

केशरी दोन, दोन्ही रूपांतरितकडे: एक गाळाच्या खडकाकडून, एक अग्निजच्या उजव्या बाजूने रेघेच्या खालून तिरका. दोन्हीवर "उष्णता व दाब". हा अग्निजकडून जाणारा तिरका बाण नेटवरच्या तीन बाणांच्या आकृतीत नसतोच, तो विसरू नका.

लाल एक, रूपांतरितकडून मॅग्माकडे, "वितळणं". आणि काळा एक, मॅग्माकडून सरळ वर अग्निजकडे, "थंड होणं, स्फटिक होणं".

या मापांनी काढलं तर एकही बाण दुसऱ्याला छेदत नाही. छेदत असेल तर कुठली तरी चौकट सरकलीय, बाण वाकवू नका, चौकट परत मोजा. खाली उजव्या कोपऱ्यात रंगांची सूची करा. सगळी अक्षरं आडवीच लिहा, तिरक्या बाणावर तिरकी अक्षरं लिहिली की कागद फिरवून वाचावा लागतो.

मग तपासणी, बोट ठेवून मोजा. गाळाच्या चौकटीत तीन बाण आत, एकच बाहेर. मॅग्मातून एकच बाहेर. खडकांच्या तीनही चौकटींमधून प्रत्येकी दोन बाहेर. रूपांतरितमधे दोन आत. हा हिशोब जुळला की आकृती बरोबर आहे. वाढीव मार्क हवे असतील तर अग्निज खडकही थेट वितळून मॅग्मा होऊ शकतो, तो नववा लाल बाण अग्निजच्या खालून मॅग्माकडे तुटक रेघेने दाखवा, काळ्या बाणापासून जरा बाजूला.

मोठ्या वर्गातली मुलं विचारतात की रूपांतरण कुठे संपतं आणि वितळणं कुठे सुरू होतं. खडकात पाणी असलं तर ग्रॅनाइटसारखे खडक साधारण ६५०-७०० अंशांना वितळायला लागतात, बेसाल्टला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. लिहायचं इतकंच की जोपर्यंत खडक घन आहे तोपर्यंत रूपांतरण, द्रव झाला की मॅग्मा, आणि तो पुन्हा थंड झाला की अग्निज. "रूपांतरित खडक वितळून बनतो" हे वाक्य कुठेही आलं तर खोडा.

आकृतीवर एक खरा प्रवास

रिकामी आकृती देण्यापेक्षा तिच्यावर एक खऱ्या दगडाचा प्रवास लिहून द्या. आपल्याकडे सगळ्यात सोपा म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीचा. ब्रह्मगिरी बेसाल्टचा, तिथे गोदावरी उगम पावते. पावसाळ्यात उन्हा-पाण्याने कुजलेला बेसाल्ट सुटतो, त्याची माती होते, मराठवाड्यातली काळी कापसाची जमीन पण बेसाल्ट कुजूनच झालीय. गोदावरी ती माती घेऊन सुमारे १,४६५ किलोमीटर जाऊन आंध्रमधे बंगालच्या उपसागराला मिळते आणि तिथे त्रिभुज प्रदेशात गाळ साचतो. म्हणजे अग्निजकडून गाळाकडे जाणारा निळा बाण आज, आत्ता, आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे. त्या गाळाचे खालचे थर दाबून घट्ट होतायत, तो तपकिरी बाण.

यापुढचं मात्र "झालं" असं लिहू नका, "होऊ शकतं" असं लिहा. महाराष्ट्रातला दख्खनचा बेसाल्ट अजून खोल गाडला गेलेला नाही, ६.६ कोटी वर्षं होऊनही त्याने केशरी बाण ओलांडलेला नाही. बेसाल्टचं रूपांतर कसं दिसतं ते बघायचं तर गोव्यात जावं लागतं, तिथे दख्खनपेक्षा कितीतरी जुन्या लाव्हाचं रूपांतर होऊन हिरवट खडक झालेला सापडतो, त्याला मेटाबेसाल्ट म्हणतात. गोव्यात नातेवाईक असतील तर त्यांच्याकडून एक तुकडा मागवायला हरकत नाही.

तोंडी परीक्षेत हमखास येणारा दगड

कोकणातल्या मुलांना एक प्रश्न हमखास विचारतात, आणि पाचगणीला टेबललँडवर जाऊन आलेल्यांनाही: जांभा कुठल्या प्रकारचा खडक? लाल, भोकं भोकं असलेला, चिऱ्यांनी घरं बांधतात तो. भोकं बघून मुलं त्याला लाव्हाचा दगड म्हणतात, लाल मातीसारखा दिसतो म्हणून काही जण गाळाचा म्हणतात. बहुतेक ठिकाणी जांभा जागच्या जागी तयार होतो. भरपूर पाऊस आणि उष्ण हवेत बेसाल्टसारखा खडक कुजतो, पाण्याबरोबर त्यातली सिलिका आणि बाकीची विरघळणारी द्रव्यं निघून जातात आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात. भोकं ही निघून गेलेल्या मऊ भागाची आहेत, वायूच्या बुडबुड्यांची नाहीत. म्हणून तो तीनपैकी एका चौकटीत नीट बसत नाही. आपल्या आकृतीत त्याची जागा अग्निजकडून गाळाकडे जाणाऱ्या निळ्या बाणावर आहे, बाणाच्या सुरुवातीलाच, जिथे विदारण झालंय पण वहन अजून व्हायचंय. तिथे एक छोटा लाल ठिपका काढून "जांभा" लिहून ठेवा, विचारलं की त्याच्यावर बोट ठेवून सांगता येतं.

नमुने चिकटवताना नुसता फेविकॉल धरत नाही, दगड जड असतो आणि कागद वाकतो. जाड पुठ्ठ्याला दोन भोकं पाडून दगड सुतळीने बांधा, खाली दगडाचं नाव, प्रकार, कुठे मिळाला आणि व्हिनेगर टाकल्यावर काय झालं एवढ्या चार ओळी लिहा. "कुठे मिळाला" मधे खाण आणि दुकान वेगवेगळं लिहा: तुकडा कोथरूडच्या दुकानातून आणला असला तरी दगड मकरानाचा आहे.